दहा आकडी मोबाइल नंबर ३२ बिटांत का मावत नाही?

मागच्या वेळी आपण ० आणि १ एवढ्या दोनच अंकांत संख्या कशी लिहायची ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शून्यापासून एका ठरावीक संख्येपर्यंत कुठलीही पूर्ण संख्या साठवता यायला हवी असेल, तर किती बिट लागतील?

एक बिट म्हणजे दोन पर्याय. दोन बिट म्हणजे चार, तीन म्हणजे आठ. दर बिटामागे पर्याय दुप्पट होतात. मग उलट्या बाजूने जायचं. संख्या घ्या, निम्मी करा, बाकी उरली तर सोडून द्या, आणि शून्य येईपर्यंत किती वेळा निम्मं केलं ते मोजा. १०० घेऊ: ५०, २५, १२, ६, ३, १, ०. सात वेळा. म्हणजे १०० पर्यंतच्या संख्यांना ७ बिट पुरतात.

आता इथे एक गंमत बघा. ७ बिटांचे पर्याय १२८. मग १२८ ही संख्या ७ बिटांत मावेल का? पुष्कळ जण पटकन हो म्हणतात. पण पहिली जागा शून्याने अडवलेली असते, त्यामुळे शेवटची जागा १२७ ची. १२८ ला आठवा बिट लागतो. n पर्यंत साठवायचं तर पर्याय n + 1 लागतात, हे विसरलं की घोटाळा होतो, आणि तो नेमका २, ४, ८, १६ अशा संख्यांवरच होतो. बाकी ठिकाणी उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लवकर सापडत नाही. बरोबर सूत्र असं:

```
bits = floor(log2(n)) + 1
```

आता आपल्या खिशातला मोबाइल नंबर घेऊ. दहा आकडी, म्हणजे सगळ्यात मोठा ९९९,९९,९९,९९९, हजार कोटींना एक कमी. ३३ बिटांचे पर्याय सुमारे ८५९ कोटी, ते अपुरे. ३४ बिटांचे सुमारे १,७१८ कोटी. म्हणजे उत्तर ३४ बिट.

पण डेटाबेसमध्ये संख्येसाठी सहज निवडला जाणारा प्रकार म्हणजे `INT`, आणि तो बहुधा ३२ बिटांचा असतो. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाच्या कामी जातो, उरले ३१. सगळ्यात मोठी संख्या 2147483647, म्हणजे सुमारे २१४ कोटी. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे लहानात लहान नंबरच ६०० कोटींचा! एकही मावणार नाही.

याउलट न्यूयॉर्कचा एक एरिया कोड २१२ आहे. त्याने सुरू होणारे सगळे दहा आकडी नंबर या मर्यादेच्या आत बसतात. तिथल्या प्रोग्रामरने स्वतःच्या नंबरावर चाचणी घेतली, तर त्याला सगळं ठीकच दिसेल.

बिघाड ओळखायचा कसा? MySQL कडक नियमांवर चालत असेल तर ते नंबर नाकारतं, चूक तिथेच कळते. नियम सैल ठेवले असतील तर ते जास्तीत जास्त मावणारी संख्या लिहून मोकळं होतं. मग यादीत प्रत्येक ग्राहकापुढे एकच नंबर दिसतो: 2147483647. हा आकडा दिसला की समजायचं, बिट कमी पडले. याहून वाईट म्हणजे काही प्रोग्राम वरचे बिट नुसते कापून टाकतात. 9876543210 टाकला तर 1286608618 उरतो. तोही दहा आकडीच! फक्त १ ने सुरू होतो, म्हणून शंका यायला हवी. मूळ नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा दहा आकडी मोबाइल नंबरच होता याची खात्री असेल, तरच उरलेल्या आकड्यावरून तो परत काढता येतो.

मागून एक प्रश्न आलाय: ‘सर, मग ३२ बिटांत मोबाइल नंबर साठवणं अशक्यच का?’

छान प्रश्न. अशक्य नाही. मोबाइल नंबर ६०० कोटींपासून सुरू होतात ना? मग प्रत्येकातून ६०० कोटी वजा करून साठवा. उरतात ० ते ३९९,९९,९९,९९९, म्हणजे ४०० कोटी पर्याय. चिन्हाचा बिट नको म्हटलं तर ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पर्याय मिळतात. मावले की! वाचताना ६०० कोटी परत मिळवायचे. मात्र कुणी एसटीडी कोडसकट २ ने सुरू होणारा लँडलाइन नंबर दिला, की वजाबाकी उणे जाणार आणि ही युक्ती मोडणार.

म्हणून संख्या किती मोठी दिसते ते नका बघू. वेगवेगळ्या किती संख्या येऊ शकतात ते मोजा, शून्य धरून. बिट तेवढ्यावरच ठरतात.