एक रुपया, तीस सेकंद

आकाशवाणीचा दर दहा सेकंदांच्या हिशेबाने आकारला जातो. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे असे तीन तुकडे. मराठीत सावकाश आणि स्पष्ट बोलायचं, तर त्यात पन्नास-साठ शब्द मावतात. विविध भारतीची जाहिरात सेवा 1967 साली मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून सुरू झाली. तेव्हापासून मराठी रेडिओवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला याच साठ शब्दांच्या कुंपणात काम करावं लागलं आहे. समोर असतं ते मात्र चार-सहा पानी, बारीक टायपातलं माहितीपत्रक.

असं माहितीपत्रक कसं आवरायचं, हे पाहायला खरीप 2023 चा पीक विमा घेऊ. त्या वर्षी राज्य शासनाने शेतकऱ्याच्या हिश्श्याचा बाकी भार स्वतःवर घेतला आणि शेतकऱ्याने एका अर्जामागे फक्त एक रुपया भरायचा, असं ठरलं. जळगाव जामोदसारख्या कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या तालुक्यात ही बातमी महत्त्वाची होती. मात्र योजनेची कागदावरची माहिती लांबलचक होती. अधिसूचित पिकं चौदा. पेरणीच न होण्यापासून काढणीनंतर चौदा दिवसांपर्यंतच्या नुकसानीचे प्रकार, सत्तर टक्के जोखीमस्तर, कुळाच्या शेतकऱ्यांसाठीचे नियम, कागदपत्रं, तक्रारीची पद्धत, असं बरंच काही. यातली एकही गोष्ट खोटी किंवा फालतू नव्हती, आणि म्हणूनच हे काम अवघड होतं.

जाहिरात लिहिणारा पहिली चूक इथेच करतो. तो पत्रकाचा सारांश करू लागतो, प्रत्येक परिच्छेदातून एकेक वाक्य घेतो आणि तीस सेकंदांत सहा गोष्टी कोंबतो. वाचणारा मागचं पान पुन्हा उलटू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. तो डवरणी करत असतो, गोठ्यात असतो, एसटीत उभा असतो. म्हणून मी पत्रकाला एकच प्रश्न विचारतो: हे ऐकून माणसाने उद्या सकाळी काय करावं? उत्तर असं: सातबारा घेऊन सेवा केंद्रात जावं आणि 31 जुलैच्या आत एक रुपयात अर्ज भरावा. या वाक्याला मदत करणारी माहितीच आत येते. चौदा पिकांची यादी त्याला मदत करत नाही. जोखीमस्तरही करत नाही, कारण त्यावर अर्ज करणाऱ्याला काहीच ठरवायचं नसतं.

पण एक गैरसमज आधीच दूर करावा लागतो. पूर्वी शेतकऱ्याचा हिस्सा हेक्टरी मोजला जायचा. नुसतं ‘एक रुपया’ म्हटलं, तर जुन्या सवयीने माणूस हेक्टरीच समजतो. दुसरी भीती केंद्रावर जादा पैसे मागितले जाण्याची. अर्ज भरण्याच्या कामाचे चाळीस रुपये केंद्रचालकाला विमा कंपनीकडून मिळणार होते, शेतकऱ्याकडून नव्हेत. हा आकडा जाहिरातीत नको, कारण ‘एक’च्या शेजारी ‘चाळीस’ ऐकू आला की दोन्हींचा गोंधळ होतो. त्याचा अर्थ तेवढा ठेवायचा. मी संहिता अशी लिहिली असती:

(पावसाचा आवाज, दोन सेकंद)
शेतकरी: भाऊ, पीक विम्याले पैसे किती लागतीन?
केंद्रचालक: एक रुपया.
शेतकरी: हेक्टरी?
केंद्रचालक: नाही. एका अर्जाला एक रुपया.
निवेदक: खरीप पीक विमा, एका अर्जाला फक्त एक रुपया. सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन आजच जवळच्या सेवा केंद्रात जा. जास्त पैसे देऊ नका, पावती घ्या. शेवटची तारीख एकतीस जुलै. एकतीस जुलै, एक रुपया.

हे अठ्ठेचाळीस शब्द आहेत. पाऊस आणि संवादातली थांबण्याची जागा धरली की तीस सेकंद भरतात. आकडे मुद्दाम अक्षरांत लिहिले आहेत, म्हणजे निवेदक अडखळत नाही. रुपया चार वेळा आला आहे, तारीख दोनदा. वऱ्हाडी एकाच वाक्यात आहे, तेवढ्यावर माणूस आपल्याकडचा आहे हे कळतं. अख्खी जाहिरात बोलीत केली असती, तर घाटावरच्या श्रोत्याला ती परकी वाटली असती. ‘खरीप’ हा शब्द काढता येत नाही. या पट्ट्यात संत्र्याच्या बागाही आहेत, फळपिकांचा विमा वेगळा आहे आणि त्याला एक रुपयाची सवलत नव्हती. बागायतदार या जाहिरातीवर विसंबून केंद्रात गेला, तर ती दिशाभूल ठरते. शब्द कापताना हा एकच निकष मी कडकपणे लावतो: जे गाळलं, त्यामुळे उरलेलं खोटं होतं का?

स्थानिक दुकानदार जाहिरात देतो तेव्हा आणखी एक अडचण येते, ती गावाच्या नावाची. रेडिओवर ‘जळगाव’ म्हटलं की श्रोता खानदेशातलं जळगाव समजतो, तिथलं आकाशवाणी केंद्रही परिचित आहे. नुसतं ‘जामोद’ म्हणून भागत नाही, कारण जामोद हे जवळचंच वेगळं गाव आहे. दोन्ही शब्द हवेतच. जागा वाचवायची असेल तर ‘भव्य’, ‘सुवर्णसंधी’ असले शब्द काढा, गावाचं नाव पूर्ण ठेवा.

संहिता पक्की झाली की ती योजनेशी संबंध नसलेल्या माणसाला एकदाच वाचून दाखवावी, आणि थोडं दुसरं बोलून झाल्यावर विचारावं: कुठे जायचं, काय न्यायचं, कधीपर्यंत? तो ‘छान होती’ म्हणाला आणि तारीख सांगू शकला नाही, तर संहिता परत लिहायची.

त्याच जुलैत दुसरी गरज उभी राहिली. 22 जुलै 2023 रोजी, शनिवारी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, पूर आला, शेतं पाण्याखाली गेली. विम्याच्या नियमाप्रमाणे अशा स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत द्यायची होती. ही ओळ पहिल्या जाहिरातीत घालण्याचा मोह अनेकांना होतो. मी घालणार नाही. अर्ज न केलेल्या माणसाला ती बोजड वाटते, आणि अर्ज केलेल्याला ती नेमकी पुराच्या दिवशीच लागते. तिची जाहिरात स्वतंत्र हवी आणि पहिलं वाक्य ‘विमा काढला असेल आणि पुराने पीक गेलं असेल’ असं हवं. सूचना द्यायला अॅप, टोल फ्री क्रमांक, बँक, कृषी कार्यालय असे मार्ग होते. मी कृषी कार्यालय निवडेन, कारण पुरात मोबाइलचं नेटवर्क असेलच असं नाही. शनिवारचं नुकसान मंगळवारपर्यंत कळवायचं असताना रविवारी संहिता लिहायला बसून चालत नाही. ती जूनमध्येच ध्वनिमुद्रित असावी लागते.

तारखेची ओळही वेगळी मुद्रित करून ठेवावी. त्या वर्षी मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली, आणि जुनी तारीख वाजत राहिली असती तर उशीर झालेला शेतकरी घरीच बसला असता.

खरीप 2025 मध्ये एक रुपयाची योजना बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, कापसासारख्या नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे पीक आणि जिल्हा पाहून हेक्टरी वेगवेगळा झाला. भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठरू लागली, त्यामुळे 72 तासांची जाहिरातही गैरलागू झाली. आता राज्यभरासाठी एकच आकडा सांगता येत नाही. जिल्ह्यापुरती, एका पिकाची जाहिरात करता येईल. पण त्या हंगामात अर्जासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला होता, आणि तो नसलेला माणूस केंद्रातून रिकाम्या हाताने परतणार होता. त्या वर्षीच्या तीस सेकंदांत मी हिश्श्याची रक्कम गाळली असती आणि एवढंच ठेवलं असतं: आधी शेतकरी ओळख क्रमांक काढा, मग विम्याचा अर्ज करा, आणि अर्जाची शेवटची तारीख.