थंडीत इंजिन जड का फिरते?

अकरावीच्या वर्गात व्हिस्कॉसिटीचा धडा आला की मी फळ्यावर दोन समांतर आडव्या रेघा ओढतो. खालची रेघ म्हणजे स्थिर प्लेट, वरची म्हणजे ठरावीक वेगाने सरकणारी प्लेट आणि मध्ये तेल. मग विचारतो, या तेलात शिअर स्ट्रेस, म्हणजे थरांमधले घासणारे बल दर चौरस मीटरला, सर्वांत जास्त कुठे असेल? दरवर्षी बहुतेक कॅडेट वरच्या प्लेटकडे बोट दाखवतात. कारण विचारले तर म्हणतात, "सर, तिथे वेग सर्वांत जास्त आहे."

वेगाबद्दल ते बरोबर सांगतात. प्लेटला लागून असलेला तेलाचा थर प्लेटला चिकटून तिच्याच वेगाने जातो, आणि खालच्या प्लेटला टेकलेला थर तिच्यासारखाच जागच्या जागी राहतो. शिअर स्ट्रेसचे उत्तर मात्र वेगळे आहे. तो वरपासून खालपर्यंत अगदी सारखा असतो.

मधला कोणताही एक पातळ थर घ्या. वरचा, जास्त वेगाचा थर त्याला पुढे ओढतो. खालचा, कमी वेगाचा थर त्याला मागे खेचतो. आपल्या थराचा वेग वाढतही नाही आणि कमीही होत नाही, म्हणजे या दोन ओढी समान असल्याच पाहिजेत. हाच हिशेब त्याच्या खालच्या थराला लागू होतो, आणि त्याच्याही खालच्या. रस्सीखेचेत दोन्ही बाजू अडून बसल्या की दोराचा ताण मध्येही तेवढाच आणि टोकांनाही तेवढाच असतो, तसेच हे आहे.

यावरून वेगाचा आलेख कसा असेल ते आपोआप कळते. शिअर स्ट्रेस म्हणजे व्हिस्कॉसिटी गुणिले उंचीनुसार वेग बदलण्याचा दर. स्ट्रेस सगळीकडे सारखा, तेल एकच, तर हा दरही सगळीकडे सारखा. म्हणून आलेख सरळ रेषा येते. अर्ध्या उंचीवर वेग अर्धा, पाव उंचीवर पाव. वरच्या प्लेटचा वेग V, फट h आणि व्हिस्कॉसिटी μ असेल, तर उंची y ला

u = V y / h
τ = μ V / h

दुसऱ्या सूत्रात y नाही. वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्यात आहे.

आता हीच आकृती गाडीत शोधू. इंजिनचा क्रँकशाफ्ट मेन बेअरिंगमध्ये फिरतो आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो. एखाद्या लहान डिझेल इंजिनात शाफ्टचा व्यास ६० मिलिमीटर, बेअरिंगची लांबी २५ मिलिमीटर आणि चहूबाजूंची फट ०.०३ मिलिमीटर धरू. त्रिज्या फटीच्या हजारपट असल्यामुळे तेलाला शाफ्टची गोलाई जाणवतच नाही. पापुद्रा उलगडून सपाट केला तर एक स्थिर आणि एक सरकती प्लेट मिळते. रशियन अभियंता निकोलाय पेत्रोव्ह यांनी १८८३ मध्ये बेअरिंगमधले घर्षण याच पद्धतीने मोजून दाखवले.

स्टार्टर शाफ्टला मिनिटाला १५० फेरे देतो असे समजा. शाफ्टच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ०.४७ मीटर येतो. त्याला फटीने भागले की वेग बदलण्याचा दर सेकंदाला सुमारे १५,७०० येतो. फट इतकी बारीक असते म्हणूनच आकडा एवढा मोठा दिसतो.

तापलेल्या इंजिनात, १०० अंशांना, १५W-४० तेलाची व्हिस्कॉसिटी साधारण ०.०१२ पास्कल-सेकंद असते. गुणाकार केला की स्ट्रेस १९० पास्कलच्या आसपास येतो. बेअरिंगचे क्षेत्रफळ ०.००४७ चौरस मीटर, म्हणजे बल एक न्यूटनसुद्धा भरत नाही. ते शाफ्टच्या त्रिज्येवर, ०.०३ मीटरवर लागते. हा टॉर्क कोणाच्या खिजगणतीतही येणार नाही.

आता तीच गाडी लडाखच्या हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर उभी करा. उणे २० अंश तिथे नवलाचे नाहीत. १५W या खुणेसाठी नियम असा आहे की उणे २० अंशांना क्रँकिंगच्या वेळची व्हिस्कॉसिटी ७ पास्कल-सेकंदांच्या वर जाता कामा नये. तेल या मर्यादेच्या काठावर असले तर व्हिस्कॉसिटी जवळजवळ सहाशेपट झाली. वेग तोच, फट तीच, म्हणून स्ट्रेसही तेवढ्याच पटीने वाढतो आणि सुमारे १,१०,००० पास्कल होतो. एका बेअरिंगवरचे बल ५१७ न्यूटन, म्हणजे त्रेपन्न किलोचे पोते टांगल्यासारखे. टॉर्क १५.५ न्यूटन-मीटर. चार सिलिंडरच्या इंजिनात अशी पाच मेन बेअरिंगे धरली तर ७८ न्यूटन-मीटर. मिनिटाला १५० फेऱ्यांवर याला १.२ किलोवॉट लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे शंभर अँपिअर झाले, तेही स्टार्टर काही वाया घालवत नाही असे मानून. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे आणि पिस्टन यांचा वाटा यात धरलेलाच नाही. त्यात थंडीत बॅटरीची ताकदही घटते. सकाळी एमटीच्या शेडमध्ये इंजिन कण्हत कण्हत फिरते, त्यामागे हा हिशेब आहे. म्हणून अशा ठिकाणी ५W किंवा ०W ची तेले वापरतात. त्यांची क्रँकिंगची मर्यादा अनुक्रमे उणे ३० आणि उणे ३५ अंशांना तपासतात, त्यामुळे उणे २० ला ती पुष्कळ पातळ राहतात.

ही तपासणीसुद्धा आपल्याच आकृतीने होते. थंड केलेले तेल एका स्थिर भांड्याच्या आणि आत फिरणाऱ्या रोटरच्या मधल्या बारीक फटीत असते, आणि रोटर किती अडखळतो त्यावरून व्हिस्कॉसिटी काढतात. फिरत्या सिलिंडरांच्या फटीत व्हिस्कॉसिटी मोजण्याचे काम फ्रान्सच्या मॉरिस कुएत यांनी १८९० मध्ये केले. या प्रवाहाला त्यांचेच नाव आहे.

सरळ रेषेवर किती भिसत ठेवायची? तेल थराथराने सरकत असेल तोवरच. वेग, फट आणि घनता यांचा गुणाकार व्हिस्कॉसिटीने भागला की रेनॉल्ड्स संख्या मिळते. ती हजाराच्या पुढे गेली की भोवरे उठायची भीती असते. आपल्या तापलेल्या बेअरिंगमध्ये ती जेमतेम एक आहे आणि थंडीत त्याहूनही कितीतरी कमी. तेव्हा ती काळजी इथे नाही. प्रत्यक्ष यंत्रावर तपासायचे असेल तर तापमान तेच ठेवून वेग दुप्पट करावा. टॉर्कही दुप्पट झाला तर सूत्र लागू आहे. दुपटीहून कमी भरला तर घासण्याने तेल तापते आहे किंवा वेगामुळे पातळ होते आहे, कारण इंजिन तेलात ही खोड असते. दुपटीहून स्पष्ट जास्त भरला तर थर मोडले आहेत.

आणखी एक गोष्ट मी वर गृहीत धरली, ती म्हणजे तेलात पुढेमागे दाबाचा फरक नाही. इंजिन पेटले की शाफ्टवर भार येतो, तो किंचित एका बाजूला सरकतो, फट पुढे अरुंद होत जाते आणि दाब वाढतो. अशा वेळी

τ = μ V / h − (dp/dx)(h/2 − y)

इथे y परत आला, म्हणजे स्ट्रेस आता थराथराला बदलतो आणि वेगाची रेषा वाकते. पुढे दाब चढत असेल तर स्थिर बाजूजवळचे तेल मंदावते. dp/dx ची किंमत 2μV/h² झाली की खालच्या प्लेटवरचा स्ट्रेस शून्य होतो, आणि त्याहून वाढली की तिथले तेल चक्क उलटे वाहते. आपल्या आकड्यांनी तापलेल्या तेलात, क्रँकिंगच्या वेगाला, ही मर्यादा दर सेंटिमीटरला सव्वा बार येते. आता वर्गातला प्रश्न पुन्हा विचारला तर वरच्या प्लेटकडे बोट दाखवणाऱ्याला मी बरोबर म्हणेन, पण दाब पुढे चढत असेल तरच.