विश्लेषण : व्हिडीओ कॉपी झाले, आकारही जुळला… तरीही फाइल खराब कशी निघते?

लग्नाचे चित्रीकरण एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकले जाते, पडद्यावरची पट्टी १०० टक्क्यांवर पोहोचते आणि जागा रिकामी करण्यासाठी मूळ फाइल उडवल्या जातात. काही महिन्यांनी एखादी क्लिप मध्येच फाटते किंवा उघडतच नाही. कॉपी होताना मात्र संगणकाने कोणतीही तक्रार केलेली नसते. ही गुपचूप झालेली मोडतोड मूळ फाइल हाताशी असतानाच पकडायची, तर चेकसम तपासावा लागतो. पण तो कधी आणि कशावर काढायचा, हे चुकले तर तपासणी करूनही उपयोग होत नाही.

संगणकाला चूक कळत का नाही?

हार्डडिस्क प्रत्येक सेक्टरसोबत चूक ओळखण्याचा कोड साठवते. यूएसबी केबलमधून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटचीही तपासणी होते. त्यामुळे नेहमीच्या बऱ्याच चुका तिथेच पकडल्या जातात. अडचण या दोन पहाऱ्यांच्या मधल्या जागेत आहे. कॉपी करताना डेटा रॅममधून जातो आणि डिस्कच्या डबीतील छोट्या चिपमधून जातो. तिथे एखादा बिट उलटला, तर डिस्क चुकीचाच डेटा अगदी व्यवस्थित लिहून ठेवते. तिच्या दृष्टीने सारे ठीक असते. एक्स्टर्नल डिस्कवर बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस ही फाइल यंत्रणा असते आणि या दोन्ही फाइलमधल्या मजकुराचा चेकसम ठेवत नाहीत.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेने २००७ मध्ये आपल्याच यंत्रणेची अशी तपासणी केली, तेव्हा कोणताही इशारा न देता बिघडलेला डेटा सापडला होता.

आकार जुळला, क्लिप चालली, तरी पुरेसे का नाही?

बिट उलटल्याने फाइल लहान-मोठी होत नाही, म्हणून आकार जुळतोच. राहिली क्लिप चालवून पाहण्याची गोष्ट. कॅमेऱ्याच्या व्हिडीओत पूर्ण चित्र ठरावीक अंतरानेच साठवलेले असते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल असतो. त्यामुळे एक बिट बिघडला, तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत चौकोनी डाग दिसतात. हा काळ अनेकदा सेकंदभराचा किंवा त्याहून कमी असतो. वीस मिनिटांची क्लिप सुरुवातीला आणि शेवटी पाहणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. आणि बिघाड एमपी४ फाइलच्या अनुक्रमणिकेत झाला, तर बाकी सारा डेटा शाबूत असूनही फाइल उघडत नाही.

मग चेकसम काय करतो?

फाइलमधला प्रत्येक बाइट वाचून गणिताने एक ठरावीक लांबीची खूण काढली जाते. ‘एसएचए-२५६’ पद्धतीत ही खूण ६४ अक्षर-अंकांची असते, मग फाइल १ केबीची असो वा ४० जीबीची. एक बिट बदलला तरी संपूर्ण खूण बदलते. मूळ फाइलची आणि प्रतीची खूण सारखी निघाली, तर दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत असे मानायला हरकत नाही.

प्रत्यक्ष तपासणी कशी करायची?

समजा, मॅक लॅपटॉपवर ‘Lagna’ नावाचे २४० जीबीचे फोल्डर आहे. ते हार्डडिस्कवर टाकण्याआधी, म्हणजे मूळ फाइलवरूनच, टर्मिनलमध्ये यादी तयार करावी :

```
cd ~/Movies/Lagna
find . -iname "*.mp4" -exec shasum -a 256 {} + > ~/Desktop/lagna.txt
```

आतल्या उपफोल्डरमधील सर्व एमपी४ फाइलच्या खुणा `lagna.txt` मध्ये जमा होतात. आता फोल्डर नेहमीप्रमाणे कॉपी करावे. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. डिस्क ‘इजेक्ट’ करून केबल काढावी आणि पुन्हा जोडावी. कारण नुकत्याच कॉपी केलेल्या फाइलचा काही भाग संगणकाच्या रॅममध्ये तसाच राहिलेला असतो. लगेच तपासणी केली, तर तो भाग डिस्कवरून वाचलाच जात नाही, रॅममधला डेटा तपासला जातो आणि निकाल ‘ठीक’ येतो. डिस्क पुन्हा जोडल्यावर :

```
cd /Volumes/Backup/Lagna
shasum -a 256 -c ~/Desktop/lagna.txt
```

प्रत्येक फाइलपुढे `OK` किंवा `FAILED` असे उमटते. फाइल कॉपीच झाली नसेल, तर `FAILED open or read` असे दिसते. डिस्क सेकंदाला १२० एमबी वाचत असेल, तर २४० जीबीला साधारण ३५ मिनिटे लागतात. विंडोजवर ‘टेराकॉपी’ या कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पडताळणीचा पर्याय आहे. एकेक फाइल तपासायची असेल, तर पॉवरशेलमध्ये `Get-FileHash C0047.MP4` ही आज्ञा तीच एसएचए-२५६ खूण दाखवते.

एखादी फाइल ‘फेल’ झाली तर?

समजा, `C0047.MP4` पुढे `FAILED` आले. घाईने पुन्हा कॉपी करण्याआधी हार्डडिस्कवरील त्याच फाइलची खूण `shasum -a 256` ने पुन्हा काढावी, डिस्क पुन्हा काढून-जोडूनच. दोन्ही वेळा तीच चुकीची खूण आली, तर फाइल डिस्कवर चुकीचीच लिहिली गेली आहे. दर वेळी वेगळी खूण येत असेल, तर लिहिलेली फाइल कदाचित ठीक असेल आणि वाचताना गडबड होत असेल. अशा वेळी केबल, यूएसबी हब किंवा डिस्कची डबी संशयित ठरते. हब वगळून दुसऱ्या केबलने तपासावे.

नंतर मूळ फाइलचीही खूण काढावी. ती यादीशी जुळली, तर फक्त तेवढी एक फाइल पुन्हा कॉपी करून तपासणी करावी. मूळ फाइलचीच खूण दर वेळी बदलत असेल, तर दोष लॅपटॉपच्या रॅममध्ये किंवा अंतर्गत डिस्कमध्ये असू शकतो. तो निस्तरेपर्यंत त्या लॅपटॉपवरून काहीही कॉपी करू नये.

चेकसमच्या मर्यादा कोणत्या?

चेकसम दुरुस्ती करत नाही, फरक आहे एवढेच सांगतो. म्हणून सर्व फाइलपुढे `OK` येईपर्यंत मूळ फाइल उडवू नयेत आणि कार्ड फॉरमॅट करू नये. दुसरे म्हणजे, यादी करण्याआधीच फाइल खराब असेल, तर खराब फाइलची हुबेहूब प्रतही ‘ठीक’ ठरते. कार्डावरून लॅपटॉपवर आणतानाच बिघाड झाला असेल, तर लॅपटॉपवर केलेली यादी तो दाखवणार नाही. त्यामुळे कार्ड हाताशी असेल तर यादी कार्डावरूनच करावी. याचा एक टोकाचा नमुना ओळखता येतो. यादीत एखादी खूण `e3b0c442` ने सुरू होत असेल, तर ती फाइल बहुधा शून्य बाइटची, म्हणजे रिकामी आहे, कारण रिकाम्या फाइलची खूण नेहमी तीच येते.

काम झाल्यावर यादी फेकू नये. तिची एक प्रत हार्डडिस्कवर फोल्डरशेजारी आणि दुसरी अन्यत्र ठेवावी. वर्षभराने तीच दुसरी आज्ञा यादीचा नवा पत्ता देऊन चालवली, की कपाटात पडून राहिलेल्या डिस्कवरची एखादी फाइल मधल्या काळात बिघडली का, तेही कळते.