क्रीडादिनाचे भाषण: कौतुक थोडे, सूचना नेमक्या

शाळेच्या क्रीडादिनी संचलन आणि शपथ झाली की संयोजक माइक हातात घेतात. खेळाडूंच्या शपथेची प्रथा ऑलिंपिकमध्ये १९२० साली अँटवर्पला सुरू झाली. मुले उन्हात उभी असतात, म्हणून भाषण दोन-तीन मिनिटांत आटोपावे. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना शाबासकी द्यावी आणि सूचनांकडे वळावे. नुसते ‘खिलाडूवृत्ती ठेवा’ म्हटल्याने मुलांना काहीच कळत नाही. रिलेत बॅटन पडले, तर ज्याच्या हातून पडले त्यानेच उचलायचे. बॅटन दिल्यावर इतर संघ पुढे जाईपर्यंत आपल्याच लेनमध्ये थांबायचे, असे स्पष्ट सांगावे. गोळाफेकीत गोळा जमिनीवर पडल्यावरच वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचे. गोळा हातात धरून आणायचा, परत फेकायचा नाही. पंचांनी परवानगी दिल्याशिवाय गोळा पडतो त्या भागात कोणीही, अगदी पालकांनीही, पाऊल टाकू नये.