एका प्रभाराचं चुंबकत्व

अकरावीतल्या एका वाचक विद्यार्थिनीनं विचारलं आहे: ‘विद्युतप्रवाह म्हणजे धावणारे प्रभार आणि प्रवाहामुळे होकायंत्राची सुई वळते. मग केसांवर घासलेला प्लास्टिकचा कंगवा सुईजवळून झपकन नेला, तर सुई वळायला हवी ना? कंगव्यावरचा प्रभारसुद्धा धावतोच आहे.’

तर्कात काहीच चूक नाही. कंगवा हलतो तेव्हा त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. प्रश्न आहे तो किती, आणि तिथेच असलेल्या विद्युतक्षेत्राच्या मानानं किती. हा हिशेब वहीच्या अर्ध्या पानात होतो, तर आधी तोच करू.

कंगव्याऐवजी एक लहान गोळी घेऊ, म्हणजे सगळा प्रभार एका बिंदूत आहे असं मानता येईल. तिच्यावर १० नॅनोकुलोम प्रभार आहे. घर्षणानं एवढा प्रभार सहज मिळतो. ती सेकंदाला १० मीटर वेगानं सुईपासून १० सेंटिमीटरवरून जाते. कुलोमच्या नियमानं सुईच्या जागी विद्युतक्षेत्र येतं मीटरला ९००० व्होल्ट. त्याच जागी, गोळी अगदी बाजूने जात असतानाचं चुंबकीय क्षेत्र येतं १ पिकोटेस्ला, म्हणजे टेस्लाचा एक लाख-कोटीवा भाग. अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला भरतो. सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारा हा घटक गोळीच्या क्षेत्राच्या जवळपास पावणेचार कोटी पट आहे. सुई वळत नाही यात नवल नाही.

आता दोन्ही क्षेत्रांची आपसात तुलना करू. ९००० मोठे आणि पिकोटेस्ला लहान, असं म्हणून भागत नाही. एककं वेगळी आहेत. चुंबकीय क्षेत्राला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की तेही व्होल्ट प्रति मीटरमध्ये येतं. आपल्या गोळीसाठी तो गुणाकार मीटरला ०.०००३ व्होल्ट होतो. त्याला ९००० नं भागलं की उरतो सुमारे तीन कोटींमधला एक भाग. गोळीचा वेग भागिले प्रकाशाचा वेग केलं तरी नेमका हाच आकडा मिळतो. प्रभार किती आणि अंतर किती, हे दोन्ही या गुणोत्तरातून निघून जातात. प्रभार दुप्पट केला तर दोन्ही क्षेत्रं दुप्पट होतात, अंतर दुप्पट केलं तर दोन्ही चौथाईवर येतात. राहतो तो फक्त वेग:

cB/E = v/c

ही झाली कमाल किंमत, गोळीच्या थेट बाजूची. तिरक्या दिशेला ती कोनाच्या साइनच्या पटीत घटते. गोळीच्या समोर आणि मागे, तिच्या वाटेच्या रेषेवर, चुंबकीय क्षेत्र शून्य असतं. विद्युतक्षेत्र मात्र तिथेही असतं. वेग प्रकाशाच्या वेगाशेजारी नगण्य असतो तेव्हा विद्युतक्षेत्र कुलोमच्या नियमाप्रमाणे सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, म्हणूनच हा हिशेब इतका सरळ सुटतो. यातला फरक वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढा, म्हणजे इथे हजार लाख-कोटींमध्ये एका भागाच्या आसपास आहे. त्याकडे निर्धास्त दुर्लक्ष करावं.

शेजारून तितक्याच वेगानं दुसरी तशीच गोळी जात असली तर तिच्यावरचं चुंबकीय बल विद्युतबलाच्या मानानं आणखी दुबळं ठरतं. चुंबकीय बल त्या दुसऱ्या गोळीच्याही वेगावर अवलंबून असतं, त्यामुळे v/c एकदा क्षेत्रातून येतो आणि एकदा बलातून. तीन कोटींतल्या एका भागाचा पुन्हा तीन कोटीवा भाग!

इथे एक इशारा द्यायला हवा. ही विद्यार्थिनी खरोखर प्रयोग करेल तेव्हा सुई बहुधा हलेल. कारण सुई धातूची असते, आणि प्रभारित वस्तू कुठल्याही धातूच्या हलक्या तुकड्यात प्रभारांची विभागणी करून त्याला खेचते, जशी ती कागदाचे कपटे खेचते. हे खेचणं विद्युतक्षेत्राचं आहे. ते ओळखायचं कसं? कंगवा स्थिर धरावा. सुई तरीही ओढली जात असेल तर चुंबकत्वाचा संबंध नाही. दुसरी कसोटी प्रभाराचं चिन्ह बदलण्याची. काच रेशमावर घासून धनप्रभार घ्यावा. विद्युतक्षेत्राचं खेचणं धनप्रभारातही खेचणंच राहतं, पण चुंबकीय परिणाम असता तर त्याची दिशा उलटली असती. ही दुसरी कसोटी लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे.

मग तारेतला प्रवाह सुई कशी वळवतो? तिथले इलेक्ट्रॉन तर आपल्या गोळीहून कितीतरी मंद असतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर प्रवाह जाताना इलेक्ट्रॉनांचा सरासरी वेग सेकंदाला मिलिमीटरचा तेरावा-चौदावा भाग इतकाच असतो. v/c चं गुणोत्तर एक भागिले चार लाख कोटी. तरीही तारेपासून एक सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र मिळतं, पृथ्वीच्या आडव्या घटकाच्या निम्म्याहून थोडं अधिक. सुई ठसठशीत वळते.

याचं कारण प्रभाराचा साठा. त्या तारेच्या एका सेंटिमीटरमध्ये सुमारे १३६ कुलोम एवढे फिरते इलेक्ट्रॉन आहेत, आपल्या गोळीच्या हजार कोटी पटींहून जास्त. ते एकटे असते तर एक सेंटिमीटरवरचं विद्युतक्षेत्र मीटरला २४ हजार लाख-कोटी व्होल्ट झालं असतं. ३० लाखांना हवाच फाटून ठिणगी पडते, तेव्हा असली तार अस्तित्वातच राहू शकत नाही. पण तांब्याचे धन आयन जागच्या जागी बसून तो सगळा ऋणप्रभार फेडतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांत डोंगराएवढी समान वजनं असली तर तांदळाचा एक दाणाही काटा हलवतो, तसंच हे आहे. विद्युतक्षेत्रं एकमेकांना पुरती मारतात. आयन हलत नसल्यामुळे इलेक्ट्रॉनांचं नगण्य चुंबकत्व मारणारं कोणी नसतं आणि तेवढंच उरतं.

या उरलेल्या दाण्याचा प्रताप मुंबईनं पाहिला आहे. शहरात विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहानं कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवण्यात आलं. कुलाब्याला १८४१ पासून नोंदी होत होत्या. गोगलगायीहून मंद चालणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी ती वेधशाळा खाडीपलीकडे धाडली.

पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: तारेतला प्रवाह आणि हातानं नेलेला प्रभार, दोघांचं चुंबकत्व एकाच जातीचं आहे. १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी तारेशेजारी सुई वळताना पाहिली, त्यातून हे सिद्ध होत नाही. तारेत खरोखर काही वाहतं की नाही, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी हे पडताळून पाहिलं त्या हेन्री रोलंड यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, आणि ते मला मनापासून खटकतं.

रोलंड अमेरिकन, शिक्षणानं स्थापत्य अभियंता. या प्रयोगाची कल्पना त्यांनी १८६८ मध्ये, विशीत असताना वहीत टिपून ठेवली होती. नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नेमणूक झाल्यावर ते युरोपात गेले आणि १८७६ मध्ये बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ती अमलात आणली. सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाची एबोनाइटची चकती, तिच्यावर सोन्याचा मुलामा. ती प्रभारित करून सेकंदाला ६१ फेऱ्यांनी फिरवायची. कडेचा वेग सेकंदाला ४० मीटर होतो.

या वेगाला v/c चं गुणोत्तर ७५ लाखांत एक भाग आहे. प्रभार वाढवून क्षेत्र वाढवावं तर हवा आडवी येते: मीटरला ३० लाख व्होल्टच्या वर ठिणगी पडते. म्हणजे या वेगाला मिळू शकणारं चुंबकीय क्षेत्र फार तर १.३ नॅनोटेस्ला. साध्या हवेत तंत्र कितीही सुधारलं तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. रोलंड यांना मिळालं ते पृथ्वीच्या आडव्या घटकाचा सुमारे पन्नासहजारावा भाग, म्हणजे नॅनोटेस्लाच्या निम्म्याहूनही कमी. विरुद्ध दिशांच्या दोन सुया एकत्र जोडून त्यांनी पृथ्वीचा प्रभाव जवळपास घालवला, विद्युत खेचणं टाळायला सुई धातूच्या आवरणात ठेवली, आणि चकती तशीच फिरती ठेवून प्रभाराचं चिन्ह उलटवलं. फिरत्या आसाचं चुंबकत्व, कंपनं, हवेचा झोत यांपैकी काहीही प्रभाराच्या चिन्हाप्रमाणे दिशा बदलत नाही. सुईचं वळण मात्र बदललं, मोजपट्टीवर काही मिलिमीटर. हलता प्रभार म्हणजे प्रवाह, याचा हा पहिला पुरावा.

इतका नाजूक निकाल वादातून सुटत नाही. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या व्हिक्टर क्रेमियू यांनी प्रयोग करून परिणाम दिसतच नाही असं जाहीर केलं. रोलंड तेव्हा आजारी होते. १९०१ मध्ये ते गेले. त्यांचे शिष्य हॅरोल्ड पेंडर यांना बाल्टिमोरमध्ये परिणाम पुन्हा मिळाला. मग १९०३ मध्ये पेंडर पॅरिसला गेले आणि दोघांनी एकत्र, एकाच खोलीत, एकमेकांच्या उपकरणांवर प्रयोग केले. क्रेमियू यांच्या पृष्ठभागांवर अपरिवाहकाचा पातळ थर होता आणि त्यानं परिणाम दडपला जात होता. थर काढल्यावर तो दिसला. मतभेद असा मिटवावा!

तोवर सिद्धांतही पक्का झाला होता. १८८९ मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी हलत्या प्रभाराची दोन्ही क्षेत्रं कुठल्याही वेगासाठी नीट काढली. त्यातून एक सुंदर गोष्ट कळते. वेग प्रकाशाजवळ गेला की विद्युतक्षेत्राचा आकार बदलतो, पण प्रभार एकसारखा सरळ जात असेल तर cB आणि E यांचं गुणोत्तर बाजूला v/c च राहतं. म्हणजे ते कधीच १ गाठत नाही. एकट्या प्रभाराशेजारी, कुठल्याही वेगानं जाणाऱ्या निरीक्षकाला, चुंबकीय बाजू विद्युत बाजूपेक्षा वरचढ दिसूच शकत नाही. आणि प्रभारासोबतच जाणाऱ्याला ती मुळीच दिसत नाही. निव्वळ चुंबकत्व हवं असेल तर धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार लागतात, एक थांबलेला आणि एक चालणारा.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. फळ्यावर चालत्या प्रभाराच्या चुंबकीय क्षेत्राचं सूत्र लिहाल तेव्हा शेजारी त्याच जागेचं विद्युतक्षेत्रही लिहा, दोघांचा भागाकार करा, आणि त्या भागाकाराखाली रोलंड यांचं नाव आणि १८७६ हे साल लिहा. प्रवाहाचं चुंबकत्व दुबळं असूनही जोरकस का वाटतं, हे मुलांना त्या एका ओळीतून कळेल.