पुढचा सांगाडा कधी चढवायचा?

चिपमधला बेरीज करणारा भाग तोच, घड्याळाचा वेगही तोच. तरी हजार बेरजा कधी १,००४ ठोक्यांत उरकतात, तर कधी त्यांना ५,००० ठोके लागतात. बिघाड कशातच नसतो. एक बेरीज सुरू झाल्यावर दुसरी किती ठोक्यांनी सुरू करता येते, यावर सगळं ठरतं.

मोटारींच्या कारखान्यातली असेंब्ली लाइन डोळ्यांसमोर आणा. समजा, पाच थांबे आहेत आणि प्रत्येकावर एका मिनिटाचं काम आहे. सांगाडा चढल्यापासून गाडी उतरेपर्यंत पाच मिनिटं जातात, ही लेटन्सी. पहिला थांबा मात्र मिनिटभरात मोकळा होतो आणि लगेच पुढचा सांगाडा चढतो. दोन सांगाड्यांमधलं हे अंतर म्हणजे इनिशिएशन इंटरव्हल, थोडक्यात II. लाइन भरली की तासाला साठ गाड्या उतरतात, हे थ्रूपुट.

आता रंगकामाला तीन मिनिटं लागू लागली असं धरा. एका गाडीचा वेळ पाचाचा सात होतो, म्हणजे फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. पण बाकीचे थांबे रंगकामासाठी खोळंबतात, II तीन मिनिटांवर जातो आणि तासाला वीसच गाड्या उतरतात. नुसती लेटन्सी पाहणाऱ्याला हा फटका कळतच नाही.

चिपमध्ये दशांश चिन्हाच्या संख्यांची बेरीजही अशीच टप्प्याटप्प्याने होते: घातांक जुळवायचे, बेरीज करायची, उत्तर ठरलेल्या साच्यात बसवायचं. यासाठी पाच ठोके लागतात असं समजू. हजार सुट्या जोड्या असतील, तर पहिलं उत्तर पाच ठोक्यांनी आणि उरलेली ९९९ दर ठोक्याला एक, असे १,००४ ठोके होतात.

पण हजार आकड्यांची एकच एकूण बेरीज हवी असेल, तर प्रत्येक पायरीला मागचं उत्तर लागतं. मागची गाडी उतरेपर्यंत पुढचा सांगाडा चढवायचाच नाही, असा हा प्रकार. चार थांबे कायम रिकामे राहतात आणि II पाच होतो. सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये `#pragma HLS PIPELINE II=1` लिहून हट्ट धरला, तरी टूलच्या अहवालात II पाचच दिसतो. हा आकडा आधी पाहावा. लेटन्सीच्या रकान्यात दोष शोधत बसण्यात वेळ जातो.

उपाय सोपा आहे. एका बेरजेऐवजी पाच खाती ठेवायची आणि आकडे आळीपाळीने त्यांत टाकायचे. पहिल्या खात्याची पाळी पुन्हा येईपर्यंत त्याचं उत्तर तयार असतं, त्यामुळे दर ठोक्याला नवा आकडा आत जातो. शेवटी पाच खाती एकत्र करायला चार बेरजा, म्हणजे आणखी २० ठोके. एकूण १,०२४.

टूल हे आपणहून सहसा करत नाही, कारण दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलला की उत्तराचे शेवटचे अंक बदलू शकतात. तेवढा फरक चालणार असेल, तर पाच खाती प्रोग्रॅममध्ये आपणच लिहावीत.