दोन ताव कागद आणि दुधाचे खाडे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, वीस तारखेला लग्नाला वर्ष होतंय. माझ्याकडे पाचशे रुपये आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. काय देऊ तिला?" दोघं चिंचवडला भाड्याच्या घरात राहतात. लग्नासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. तीही नोकरी करते, त्यामुळे घरातला प्रत्येक रुपया कुठे जातो हे तिलाही ठाऊक असतं. हजाराची साडी आणली असती, तर ती उघडून बघताना तिच्या डोक्यात आधी हप्त्याची तारीख आली असती.

मी त्याला म्हटलं, या वर्षाचं पुस्तक कर. छापून घ्यायचं नाही, हाताने शिवायचं.

पहिल्या वाढदिवसाला कागद द्यायची एक रीत पाश्चात्त्य देशांत आहे. एमिली पोस्ट या अमेरिकन लेखिकेने १९२२ साली शिष्टाचारावर पुस्तक लिहिलं, त्यातल्या यादीत पहिल्या वर्षापुढे कागद आहे आणि सगळी यादी मिळून आठच वाढदिवसांची आहे. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने ती वाढवली. मला त्यातलं एवढंच पटतं, की एका वर्षात संसारात जे साठतं ते बहुतेक कागदच असतं. तिकिटं, पावत्या, औषधाची चिठ्ठी, घरभाड्याचा करार, माळ्यावर उरलेल्या लग्नपत्रिका.

मी बरीच वर्षं ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, की या कामात शिवणापेक्षा मजकूर जमवणं अवघड जातं. त्याने पहिल्या रात्री मला चार ओळी लिहून पाठवल्या. त्यात "तू माझ्या आयुष्यात आलीस आणि सगळं बदललं" असं होतं. खोटं नव्हतं, पण ते कुणीही कुणालाही लिहू शकलं असतं. मी विचारलं, तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे का? होतं. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले होते का? होते, दोन्ही वर्षांचे. जुनं कॅलेंडर तिने फ्रिजमागे सरकवून ठेवलं होतं.

दुधाचे खाडे म्हणजे घर बंद होतं ते दिवस. जुलैत सलग चार खाडे होते, तेव्हा ते तिच्या माहेरी लातूरला गेले होते. सप्टेंबरात गणपतीचे पाच दिवस गावी. नोव्हेंबरात एकच खाडा होता आणि त्याला तो काही केल्या आठवेना. मग त्याने फोनमधले त्या दिवशीचे पैशांचे संदेश उघडले, तर रात्री अकरा वाजता औषधाच्या दुकानात एकशे चाळीस रुपये दिलेले. तिला ताप होता, दोघंही रात्रभर जागे होते, आणि सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा कुणालाच जाग आली नव्हती. पुस्तकातलं ते पान त्याने असंच लिहिलं. तारीख, रक्कम, गोळीचं नाव, आणि पहाटे ती "मला वरणभात हवा" म्हणाली ते. कौतुकाचा एक शब्द नाही. कॅलेंडर, पैशांचे संदेश आणि फोनमधले फोटो एकमेकांशेजारी ठेवले, की वर्षातले तीसेक दिवस असे परत हाताला लागतात. तेवढे पुरतात.

तिकिटं आणि बिलं चिकटवण्याआधी मात्र एक गोष्ट पाहायला हवी. एसटीच्या मशिनमधून निघणारं तिकीट, हॉटेलचं बिल, एटीएमची चिठ्ठी यांत बहुतेक वेळा शाई नसतेच. त्या कागदावर रसायनाचा थर असतो आणि मशिनच्या उष्णतेने तो काळा पडतो. नखाने जोरात ओरखडा काढून बघा. काळी रेघ उमटली तर कागद त्यातला. अशी अक्षरं उजेडाने, उकाड्याने, तेलाच्या हाताने पुसट होत जातात. चिकटपट्टी लावली किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर आणखी लवकर जातात. काहीजण टिकावं म्हणून लॅमिनेशन करायला नेतात आणि त्या उष्णतेने अख्खं तिकीट काळं होऊन हातात येतं. भाच्याची लातूरची तिकिटं नऊ महिन्यांत अर्धी उडाली होती. त्याने त्याच दिवशी सगळ्यांच्या साध्या कागदावर झेरॉक्स काढून घेतल्या. गडद काढा म्हटल्यावर पुसट आकडेही वाचता येतील इतके उठले. पुस्तकात चिकटवायची ती झेरॉक्स. मूळ तिकिटं मागच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी पाकिटात.

कागद त्याने हातकागदाचा घेतला. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली के. बी. जोशी यांनी हातकागदाची संस्था उभी केली. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून निघालेलं ते काम, आणि तिथला कागद सुती कापडाच्या कातरणांपासून होतो. मी तो सुचवला त्यामागे भावनेइतकंच व्यवहाराचं कारण होतं. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेने पडलेले असतात. घडी त्या दिशेला आडवी आली तर पानं ताठ उभी राहतात, खळ लागली की लाटा येतात, पुस्तक कधी नीट मिटत नाही. बाजारातला ए-फोर कागद मधोमध दुमडला की बहुधा हेच होतं. हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे विखुरलेले असल्याने ही भानगड फारशी उरत नाही.

पूर्ण ताव साधारण ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा असतो. तो तीनदा निम्मा केला की २८ बाय १९ चे आठ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा दुमडला की १४ बाय १९ चं पान. दोन तावांत सोळा तुकडे. चार-चार तुकडे एकात एक घातले की एक जुज, असे चार जुज, म्हणजे चौसष्ट पानी पुस्तक. लिहायला पातळ ताव मागायचा, जाड चित्रकलेचा नको, नाहीतर चार तुकडे एकात एक बसत नाहीत. तुकडे कात्रीने न कापता घडीवर सुरीच्या बोथट पाठीने फाडले, तर कडा हातकागदाला शोभतात.

शिवण्याला जुजबंदी म्हणतात. प्रत्येक जुजाच्या घडीत दाभणाने सहा भोकं पाडायची. वरून मोजलं तर १, ५, ६, १३, १४ आणि १८ सेंटिमीटरवर. पाच-सहाच्या मधून एक फीत आणि तेरा-चौदाच्या मधून दुसरी, दोन्ही पाठीवर आडव्या. साधी सुती फीत चालते. भाच्याने लग्नातल्या आपल्या सुती उपरण्याचा काठ सेंटिमीटरभर रुंद कापून घेतला. सप्तपदीच्या वेळी तिच्या शेल्याशी गाठ बांधलेलं तेच उपरणं.

दोरा पक्का सुती हवा, मेण चोळलेला, आणि लांबी पुस्तकाच्या उंचीच्या पाचपटीहून थोडी जास्त, म्हणजे मीटरभर. पहिल्या भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, फितीवरून जाऊन तिसऱ्यात आत, असं टोकापर्यंत. मग दुसरा जुज वर ठेवून त्यातून परत यायचं आणि सुरुवातीच्या सुट्या टोकाशी गाठ मारायची. तिसऱ्या जुजापासून प्रत्येक टोकाला सुई खालच्या जुजाच्या टाक्यामागून घालून वर घ्यायची, म्हणजे चारही जुज एकमेकांना धरून राहतात. नवशिक्याचा हात इथेच चुकतो. दोरा घट्ट करायला तो स्वतःकडे सरळ ओढतो आणि कागद घडीत चिरतो. दोरा नेहमी पाठीच्या रेषेत, ज्या दिशेला शिवण चाललीय तिकडे ओढावा. भोक गोल न राहता लांबट दिसायला लागलं की समजावं, हात चुकीच्या दिशेला ओढतोय. भाच्याचा पहिला जुज असाच फाटला. त्यासाठी त्याला अर्धा ताव जास्तीचा आणावा लागला.

एक गोष्ट शिवायच्या आधीच करायची असते. पानापानावर झेरॉक्स आणि फोटो चिकटले, की पुस्तक पाठीशी बारीक आणि तोंडाशी जाड होतं, मग मगरीसारखं उघडं पडतं. म्हणून जुज घालतानाच दर घडीत दोन बोटं रुंदीच्या कागदी पट्ट्या दुमडून बसवायच्या. त्या नुसत्या पाठीशी राहतात आणि पुढे चिकटणाऱ्या गोष्टींची जाडी आधीच भरून काढतात.

चिकटवायला खळ. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवायची आणि गार करून गाळायची. बाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, पण ते विष आहे, घरात नको. त्यापेक्षा लागेल तेवढीच करावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली टाकून द्यावी.

कव्हरला दोन पुठ्ठे, आणि त्यांवर उरलेल्या लग्नपत्रिका. पत्रिकेचा कागद पुठ्ठ्याच्या बाहेरच्या अंगाला लावला, की तो वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे वाकवतो. आतल्या अंगाला तितक्याच वजनाचा कागद चिकटवला तरच ओढ दोन्हीकडून सारखी होते. फितींची टोकं या दोन थरांच्या मध्ये दाबायची. मग वर-खाली साधा कागद, वर पोळपाट आणि पोळपाटावर तांदळाचा डबा, निदान एक रात्र. पावसाळी हवा असेल तर दोन.

सगळा खर्च तीनशे रुपयांच्या आत बसला. उरलेल्या पैशांत त्याने पाच-सहा फोटो लॅबमधून काढून आणले. आठ रात्री लागल्या, कारण ती सेकंड शिफ्टला असे तेव्हाच त्याला मोकळेपणाने बसता यायचं. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू केलं असतं तर जमलं नसतं. वाळायलाच दोन दिवस जातात.

मी त्याला आणखी एकच सांगितलं होतं. मजकूर फक्त उजव्या पानांवर लिही, डावी पानं कोरी ठेव. पाव पुस्तक तर शेवटी तसंही रिकामंच राहिलं होतं.

जूनमध्ये दोघं आमच्याकडे आली, तेव्हा तिने पुस्तक पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. शिवण जरा ढिली होती, पण पुठ्ठा सपाट होता. मी लातूरचं पान उघडलं. उजवीकडे त्याच्या अक्षरात तारीख, स्वारगेटहून सुटलेली गाडी, तिच्या आईने बांधून दिलेल्या धपाट्यांची संख्या. डावीकडे निळ्या पेनाने तिचं बारीक अक्षर होतं: "शनिवार नव्हे, रविवार. शनिवारी मला सेकंड शिफ्ट होती. आणि धपाटे आठ होते, तू दोन बसमध्येच खाल्लेस."